हातचा कुठवर जातो?

एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत 1234567890123456 हा सोळा आकडी नंबर टाइप करा आणि एंटर दाबा. चौकटीत दिसेल 1.23457E+15. ही दाखवण्यापुरती काटछाट असेल असं समजून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये डोकावलंत, तर तिथे 1234567890123450 असेल. शेवटचा सहा गेला आणि त्याच्या जागी शून्य येऊन बसलं. लाल खूण नाही, सूचना नाही. कार्डांचे किंवा लांबलचक खात्यांचे नंबर एक्सेलमध्ये भरणाऱ्यांना ही खोड माहीत असते, म्हणून ते आधी चौकटीचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून घेतात. मग सोळाच काय, साठ आकडेही जसेच्या तसे राहतात. फक्त आता ती संख्या राहत नाही, नुसती आकड्यांची ओळ होते. तिच्यात दुसरी तशीच ओळ मिळवायला गेलात, की एक्सेल आधी दोघींच्या संख्या करतं आणि शेपटं पुन्हा तोडतं.

याचं कारण संगणकाच्या संख्या ठेवण्याच्या पद्धतीत आहे. तो प्रत्येक संख्येला ठरावीक मापाचा डबा देतो. एक्सेल जो डबा वापरतं त्यात 9007199254740992 पर्यंतच्या पूर्ण संख्या बिनचूक मावतात, त्यापुढे शेवटचे अंक धूसर व्हायला लागतात. एक्सेल त्याच्याही अलीकडे, पंधरा अंकांवरच हात आखडतं. पूर्णांकांसाठी प्रोग्रामर जो चौसष्ट बिटांचा डबा वापरतात, त्याची हद्द आहे 9223372036854775807. एकोणीस अंक. जावा भाषेत या संख्येत एक मिळवा, उत्तर येतं उणे 9223372036854775808. डबा भरून वाहतो आणि तक्रार मात्र कुणी करत नाही.

एकोणीस अंक व्यवहाराला भरपूर झाले, हे खरं. पण ब्राउझर ज्या सुरक्षित जोडणीनं बँकेशी बोलतो, तिथल्या दोन हजार अठ्ठेचाळीस बिटांच्या किल्लीत दशमान पद्धतीनं लिहिल्यास ६१७ अंकांची संख्या असते. गणितातल्या काही कोड्यांना तर दहा-दहा लाख अंक लागतात. अशा संख्यांना बसेल असा डबा कुठलाच कारखाना बनवत नाही. तेव्हा उपाय एकच उरतो. संख्या अंकांच्या ओळीच्या रूपात ठेवायची, जिला प्रोग्रामर ‘स्ट्रिंग’ म्हणतात, आणि तिच्यावर बेरीज आपण दुसरीत पाटीवर केली तशी करायची: उजवीकडून, एकेक घर, हातचा धरून.

ऐकायला सोपं. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो तो मात्र त्यात अडखळायला जागा आहेत म्हणून. गंमत अशी, की ‘नऊ आणि आठ सतरा, सात लिहिले, हातचा एक’ इथे जवळपास कुणीच चुकत नाही. चुका होतात त्या कडेला. धाकटी संख्या जिथे संपते तिथे, आणि थोरली संपते तिथे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. नव्व्याण्णव लाख पंच्याण्णव हजार आठशे सत्तेचाळीस अधिक सहा हजार तीनशे पंच्याऐंशी. म्हणजे ९९,९५,८४७ + ६,३८५. वरची संख्या सात अंकी, खालची चार अंकी. एककापासून निघू. सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक. चार आणि आठ बारा, हातचा धरून तेरा. तीन लिहिले, हातचा एक. आठ आणि तीन अकरा, हातच्यासह बारा. दोन, हातचा एक. पाच आणि सहा अकरा, हातच्यासह बारा. पुन्हा दोन, हातचा एक.

इथे धाकटी संख्या संपली. माणूस थांबत नाही, कारण त्याला खालची रिकामी जागा डोळ्यांनी दिसते आणि तिथे काही नाही म्हणजे शून्य, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. नऊ आणि हातचा एक, दहा. शून्य लिहिलं, हातचा एक. पुढच्या नवाचंही तेच. त्यापुढच्या नवाचंही तेच. आता थोरली संख्याही संपली, दोन्ही ओळी रिकाम्या झाल्या, पण हातात अजून एक शिल्लक आहे. तो सर्वांत डावीकडे लिहायचा. उत्तर १,००,०२,२३२. सात अंकी आणि चार अंकी संख्यांची बेरीज आठ अंकी झाली.

यातून दोन गोष्टी कळतात आणि प्रोग्राम लिहिताना दोन्ही उपयोगी पडतात. दोन संख्यांच्या बेरजेत हातचा एकाहून मोठा कधीच होत नाही, कारण कुठल्याही घरात जास्तीत जास्त नऊ, नऊ आणि मागून आलेला एक, असे एकोणीसच होऊ शकतात. आणि म्हणूनच उत्तराची लांबी थोरल्या संख्येइतकी किंवा तिच्याहून फार तर एका अंकानं जास्त असते. दहा लाख अंकी संख्येत दहा लाख अंकी संख्या मिळवली तरी जागा दहा लाख एक अंकांचीच लागेल.

आता हेच यंत्राला सांगायचं. पायथन भाषेत ते असं दिसतं:

```python
def berij(a, b):
    i, j = len(a) - 1, len(b) - 1
    hatcha = 0
    uttar = []
    while i >= 0 or j >= 0 or hatcha:
        x = int(a[i]) if i >= 0 else 0
        y = int(b[j]) if j >= 0 else 0
        s = x + y + hatcha
        uttar.append(str(s % 10))
        hatcha = s // 10
        i -= 1
        j -= 1
    return "".join(reversed(uttar))
```

प्रोग्रामिंग येत नसलं तरी हे वाचता येतं. `i` आणि `j` ही दोन बोटं. एक थोरल्या संख्येच्या शेवटच्या अंकावर, दुसरं धाकटीच्या. दोन्ही बोटं एकेक घर डावीकडे सरकतात. `s % 10` म्हणजे दहानं भागून उरलेली बाकी, जी आपण रेघेखाली लिहितो. `s // 10` म्हणजे भागाकार, जो हातचा. `int(a[i])` मध्ये ‘7’ या अक्षरापासून सात ही संख्या केली जाते. ते आवश्यक आहे, कारण स्ट्रिंगमधला 7 हा संगणकाच्या लेखी एक छापील आकार आहे. पायथनमध्ये `"7" + "5"` लिहिलंत तर बारा न येता "75" येतं. दोन अक्षरं शेजारी चिकटवली जातात. सी भाषेत आणखी वेगळंच होतं. तिथे ‘7’ या अक्षराचा क्रमांक ५५ आणि ‘5’ चा ५३, म्हणून बेरीज १०८. प्रत्येक अंकातून ‘0’ चा क्रमांक, म्हणजे ४८, वजा केला की खरी किंमत हाती येते.

मराठी अंकांच्या बाबतीत यात एक मेख आहे. देवनागरी ‘०’ चा युनिकोड क्रमांक २४०६ आहे, तेव्हा अठ्ठेचाळीस वजा करून भलतंच काहीतरी मिळेल. शिवाय साठवताना प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइट घेतो. सीमध्ये एकेक बाइट म्हणजे एकेक अंक असं धरून चालणारा प्रोग्राम ‘६३८५’ ला बारा घरांची संख्या समजेल. पायथनचं `int` मात्र ‘७’ आणि ‘7’ दोन्ही बिनतक्रार ओळखतं, त्यामुळे वरचा प्रोग्राम देवनागरी अंक दिले तरी चालतो. उत्तर तेवढं इंग्रजी अंकांत देतो.

आता कडेकडे वळू. `while` च्या ओळीत तीन अटी ‘किंवा’नं जोडल्या आहेत: थोरलीत अंक शिल्लक असेल, किंवा धाकटीत असेल, किंवा हातचा असेल, तोवर चालत राहा. यातली एकेक अट गाळून पाहिली की तिची किंमत कळते.

शेवटची अट, `or hatcha`, विसरली तर आपल्या उदाहरणाचं उत्तर येईल 0002232. एक कोटीचा एक उडाला. यात फसवं हे, की अशी चूक चाचणीत सहसा सापडत नाही. कुठलीही सात अंकी आणि कुठलीही चार अंकी संख्या घेऊन पाहा. शेवटचा हातचा बाहेर पडायला थोरलीचे पहिले तीनही अंक नऊ असावे लागतात आणि वर खालच्या चार घरांतून हातचा यावा लागतो. हा योग सुमारे सोळाशे जोड्यांत एकदा येतो. दहा-वीस उदाहरणं करून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही. तो नेमका एखाद्या दिवशी, एखाद्या नव्याण्णवावर, उगवेल.

दुसरी चूक हुशार माणसं करतात. धाकटी संपली ना, मग थोरलीचे उरलेले अंक तसेच उचलून डावीकडे लावून टाकू, उगाच शून्य कशाला मिळवत बसायचं? वेळ वाचतो, पण सीमेवर हातचा होता हे विसरलं तर उत्तर येतं ९९,९२,२३२. मूळ संख्येहूनही कमी. ही चूक मात्र लवकर पकडली जाते, कारण सीमेवर हातचा असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. माझ्या मते हा सरळ-साध्या चुकीचा गुण आहे. जी चूक वारंवार होते ती कमी धोक्याची.

तिसरी चूक खास पायथनची आहे आणि मला तीच सर्वांत रंजक वाटते. धाकटीसाठी लिहिलेलं `if j >= 0 else 0` गाळलं असं समजा. बोट संख्येच्या डाव्या कडेवरून खाली उतरलं, `j` ची किंमत उणे एक झाली. दुसऱ्या बऱ्याच भाषांमध्ये इथे प्रोग्राम मोडेल किंवा स्मृतीतला शेजारचा कचरा वाचेल. पायथनमध्ये मात्र उणे एक याला अर्थ आहे: शेवटून पहिलं अक्षर. म्हणजे बोट डावीकडून बाहेर पडून उजवीकडून पुन्हा आत येतं. ६३८५ चे अंक संपले की पुन्हा पाच, आठ, तीन, सहा असे मिळू लागतात. नवात पाच, नवात आठ, नवात तीन मिळवले जातात, शेवटी उरलेल्या हातच्यात सहा मिळून सात होतात आणि उत्तर निघतं ७,३८,५२,२३२. आठ अंकी, धड दिसणारं, आणि शेवटचे चार अंक अगदी बरोबर. घाईत माणूस शेवटचे दोन-चार अंकच ताडून पाहतो. तिथे सगळं ठीक असतं.

अशा वेळी आजोबांच्या काळचा नवाचा ताळा उपयोगी पडतो, आणि लाख अंकी संख्येलाही तो चालतो. संख्येतले सगळे अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेतले अंक पुन्हा मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत. ९९,९५,८४७ चे अंक मिळून ५१, म्हणजे ६. ६,३८५ चे २२, म्हणजे ४. सहा आणि चार दहा, म्हणजे १. उत्तर बरोबर असेल तर त्याचाही ताळा एक यायला हवा. १,००,०२,२३२ चे अंक मिळून १०, म्हणजे १. जमलं. वरच्या तिन्ही चुकीच्या उत्तरांचे ताळे पाहा: पहिल्याचा नऊ, दुसऱ्याचाही नऊ, तिसऱ्याचा पाच. तिन्ही पकडले गेले. हे योगायोगानं झालेलं नाही. कुठल्याही घरातला एक हातचा हरवला की उत्तर दहाच्या एखाद्या घातानं चुकतं, आणि दहाच्या कुठल्याही घाताला नवानं भागलं की बाकी एकच उरते. त्यामुळे ताळा बरोबर एकानं घसरतो. नऊ हातचे हरवल्याशिवाय ही चूक लपत नाही.

पण ताळ्याचाही एक आंधळा कोपरा आहे. समजा, कुणी दोन्ही संख्या डाव्या कडेला जुळवून मांडल्या, उजव्या नव्हे. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये असं होतं, कारण स्ट्रिंगचं पहिलं घर डावीकडचं असतं आणि लांबी सारखी करायची म्हणून शून्यं शेवटी जोडली जातात. मग ६,३८५ चे ६३,८५,००० होतात आणि उत्तर येतं १,६३,८०,८४७. अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. ताळा जुळला, उत्तर साफ चूक! अंकांनी जागा बदलल्या तरी त्यांची बेरीज बदलत नाही, हेच त्याचं कारण. इथे अकराचा ताळा लागतो, ज्यात अंक उजवीकडून आळीपाळीनं मिळवायचे आणि वजा करायचे असतात. आपल्या उदाहरणात बरोबर उत्तराचा ताळा ९ यायला हवा, या चुकीच्या उत्तराचा १० येतो. अर्थात संख्या दोन किंवा चार घरं सरकली असती तर अकराच्या ताळ्यालाही पत्ता लागला नसता. शून्यं लावायचीच असतील तर ती डावीकडे लावायची. ‘पॅडिंग’ म्हणतात ते हेच. वरच्या प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष शून्यं न लावता `else 0` नं तेच काम भागवलं आहे.

उजवीकडूनच का सुरुवात, असा प्रश्न एखादं चौकस मूल विचारतं. हातचा डावीकडे जातो म्हणून, हे उत्तर बरोबर आहे, पण पूर्ण नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, ११५० च्या सुमारास, बेरीज स्थानांप्रमाणे सरळ क्रमानं करावी किंवा उलट क्रमानं, असे दोन्ही मार्ग दिले आहेत. त्या काळी गणित धुळीच्या पाटीवर चाले. डावीकडून निघालात आणि पुढच्या घरात हातचा निघाला, तर मागचा अंक बोटानं पुसून एकानं वाढवायचा, एवढंच. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.) संगणकाची स्मृतीही पुसता येते, तेव्हा हा मार्ग त्यालाही खुला आहे. अडचण फक्त नवांच्या रांगेची. समोर हजार नऊ असले आणि शेवटी हातचा आला, तर हजार घरं मागे जाऊन पुसत यावं लागतं.

कामाच्या वेगाचा एक मुद्दा मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. पाटीवर आपण प्रत्येक नवा अंक आधीच्या उत्तराच्या डावीकडे लिहितो. प्रोग्राममध्येही तसंच करावंसं वाटतं, आणि छोट्या संख्यांना ते चालतं. पण स्ट्रिंगच्या डोक्यावर एक अक्षर लावायचं म्हणजे संगणक अख्खी नवी स्ट्रिंग बनवतो आणि जुनी तिच्यात उतरवतो. दहा लाख अंकांच्या उत्तरात सरासरी पाच लाख अक्षरं दहा लाख वेळा उतरवली जातील: पन्नास हजार कोटी. बेरजेची प्रत्यक्ष घरं फक्त दहा लाख. म्हणून वरच्या प्रोग्राममध्ये अंक शेवटाला जोडत नेले आहेत, आणि सगळं झाल्यावर `reversed` नं उत्तर एकदाच उलटं केलं आहे.

अंकांच्या ओळींची अशी बेरीज आज प्रोग्राम लिहून करावी लागते, पण एके काळी काही यंत्रं मुळातच तशी बनवलेली होती. आयबीएमनं १९५९ साली जाहीर केलेला १६२० हा संगणक त्यांतला. आयआयटी कानपूरला १९६३ साली हाच आला. त्याच्या स्मृतीत बिटांचे ठरावीक डबे नव्हते. वीस हजार दशमान अंकांची एक लांबच लांब रांग होती. संख्या कितीही लांब असू शके. तिचा पत्ता म्हणजे तिच्या एककाच्या घराचा क्रमांक, आणि ती कुठे संपते हे सांगायला सर्वांत डावीकडच्या अंकावर एक खूण असे. यंत्र एककापासून निघे आणि ती खूण दिसेपर्यंत डावीकडे चालत राही. आपल्या प्रोग्राममधलं `i >= 0` तिथे लोखंडात होतं म्हणा ना.

लांबी कमी-जास्त असली तर काय, याचाही तिथे स्पष्ट नियम होता. उत्तर ज्या संख्येच्या जागी लिहायचं ती थोरली असेल, तर दुसरीची खूण आल्यावर पुढे शून्यं धरली जात. उलट ती धाकटी असेल, किंवा शेवटी हातचा उरला, तर लिहायला जागाच नाही. तेव्हा यंत्र ओसंडल्याचा इशारा नोंदवून ठेवी. जावाच्या त्या उणे संख्येपेक्षा हे जास्त प्रामाणिक वागणं झालं.

या यंत्राची सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी, की त्याला बेरीज येतच नव्हती. पहिल्या मॉडेलमध्ये बेरजेचं मंडलच नव्हतं. स्मृतीच्या ३०० ते ३९९ या शंभर घरांत शून्य-शून्यापासून नऊ-नवापर्यंतच्या बेरजांचा तक्ता भरून ठेवलेला असे. सात आणि पाच मिळवायचे तर ३७५ व्या घरात पाहायचं: तिथे दोन, आणि हातच्याची खूण. पाढे पाठ केलेला विद्यार्थी जसं करतो, तसंच. अभियंते त्याला थट्टेनं ‘कॅडेट’ म्हणत. त्या इंग्रजी आद्याक्षरांचा त्यांनी लावलेला अर्थ होता, ‘बेरीज येत नाही, प्रयत्नही करत नाही’. तक्ता साध्या स्मृतीतच असल्यामुळे एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रामनं त्यावर काही लिहिलं, की त्यानंतरच्या सगळ्या बेरजा चुकू लागत. म्हणून तक्ता पुन्हा भरून घेण्याची सोय हाताशी ठेवावी लागे.

आजच्या यंत्रांत दर घराला एकच अंक ठेवणं ही उधळपट्टी आहे. चौसष्ट बिटांची बेरीज जो प्रोसेसर एका दमात करतो, त्याला आपण सात आणि पाच मिळवायला लावतो. त्यामुळे अनुभवी मंडळी नऊ-नऊ अंकांचे गट पाडतात. ९९,९९,९९,९९९ दोनदा आणि वर हातचा एक धरला तरी १,९९,९९,९९,९९९ होतात, आणि बत्तीस बिटांच्या डब्याची हद्द २,१४,७४,८३,६४७ आहे, म्हणजे गट आरामात मावतो. एक घर म्हणजे एक अंक याऐवजी एक घर म्हणजे नऊ अंक, बाकी पद्धत तीच, हातचाही एकच. नवी कड मात्र तयार होते. मधल्या गटात बेचाळीस उरले असतील तर छापताना ते ०००००००४२ असे नऊ घरांत छापावे लागतात. नुसते ४२ छापले की सात शून्यं गळतात आणि अब्जांचे शेकडे होतात. सर्वांत डावीकडच्या गटाला मात्र पुढची शून्यं द्यायची नाहीत.

पायथन आपल्या मोठ्या संख्या आतून असेच गट पाडून ठेवतो, पण ते दहाच्या पटीत नसतात. प्रत्येक गट तीस बिटांचा असतो. बेरीज झपाट्यानं होते. अडचण दारात आहे: दशमान स्ट्रिंगपासून बिटांकडे जाणं आणि परत येणं. अंक दुप्पट झाले की या भाषांतराला साधारण चौपट वेळ लागतो, आणि कुणी मुद्दाम प्रचंड संख्या पाठवून सर्व्हर अडकवून ठेवू शकतं. म्हणून २०२२ पासून पायथननं ४३०० अंकांवर मर्यादा घातली. त्याहून लांब स्ट्रिंग `int` ला दिली, तर तो चक्क नकार देतो. आपला बारा-तेरा ओळींचा `berij` मात्र एकेक अंकच `int` ला देत असल्यामुळे या मर्यादेत अडकत नाही. अंक दुप्पट तर वेळ दुप्पट, इतकंच.

आणि जिथे संख्येचे दशमान अंकच हवे असतात, तिथे बिटांकडे जाण्यात अर्थही नसतो. याचं प्रसिद्ध उदाहरण १९६ या संख्येचं. कुठलीही संख्या घ्या, ती उलटी लिहा, आणि दोघींची बेरीज करा. ८७ आणि ७८ मिळून १६५. १६५ आणि ५६१ मिळून ७२६. ७२६ आणि ६२७ मिळून १३५३. १३५३ आणि ३५३१ मिळून ४८८४. ही दोन्हीकडून सारखीच वाचता येते, इथे थांबायचं. बहुतेक लहान संख्या थोड्या पायऱ्यांत अशा थांबतात. ८९ चोवीस पायऱ्या घेते आणि ८८१३२०००२३१८८ वर विसावते. १९६ मात्र थांबत नाही: ८८७, १६७५, ७४३६, १३७८३, ५२५१४ आणि पुढे.

ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जॉन वॉकर यांनी १२ ऑगस्ट १९८७ रोजी हे काम एका सन ३/२६० संगणकाला लावून दिलं. यंत्र दुसऱ्या कामातून मोकळं झालं की हा प्रोग्राम चाले. २४ मे १९९० रोजी तो थांबला, कारण ठरवल्याप्रमाणे संख्या दहा लाख अंकांची झाली होती. चोवीस लाख पंधरा हजार आठशे छत्तीस पायऱ्या झाल्या होत्या. संख्येची लांबी सरासरी पाच लाख धरली तर एकूण एक लाख वीस हजार कोटी घरांची बेरीज. यांतल्या प्रत्येक पायरीत संख्या उलटी करायची होती, आणि उलटायचे असतात ते दशमान अंक. बिटांत ठेवलेली संख्या त्यासाठी दर पायरीला पुन्हा उलगडावी लागली असती.

या कोड्यात धाकट्या-थोरल्या संख्येचा प्रश्न वरवर पाहता उद्भवत नाही, कारण उलटलेली संख्या तितक्याच अंकांची असते. पण १६७५० सारखी शून्यानं संपणारी संख्या उलटली की ०५७६१ होते. ते पुढचं शून्य स्ट्रिंगमध्ये राहू द्यायचं की काढायचं, हे ठरवावं लागतं. बेरजेला दोन्ही चालतं. मात्र ‘दोन्हीकडून सारखी आहे का’ हे तपासताना बेरजेच्या उत्तराच्या पुढे एखादं फालतू शून्य राहिलं, तर खरी सममित संख्या समोर येऊनही प्रोग्राम ती ओळखणार नाही आणि पुढे चालत राहील. वरच्या `berij` ला "007" आणि "5" दिलं तर तो "012" देतो. पुढची शून्यं काढायची तर शेवटी काढावीत, आणि काढताना "000" चं सगळंच उडून कोरी स्ट्रिंग हाती येणार नाही, निदान एक शून्य राहील, एवढं पाहावं.

वॉकर यांच्यानंतर इतरांनी ही साखळी कोट्यवधी अंकांपर्यंत नेली आहे. १९६ अजून कुठेही थांबलेली नाही, आणि ती कधीच थांबणार नाही असंही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.